हे काम का, आणि मीच का?

लोकवर्गणीतून पैसा उभा करू पाहणाऱ्या सामाजिक उद्योगाच्या आवाहनात एक परिच्छेद उद्योजकाने स्वतःबद्दल लिहिलेला असतो. तो सहसा शंभर-दीडशे शब्दांचा असतो. वाचणाऱ्याला त्यात दोन गोष्टी हव्या असतात: या माणसाला हे काम का करावेसे वाटले, आणि ते त्याच्याकडून होईल हे कशावरून मानायचे. पहिलीला प्रेरणा म्हणता येईल, दुसरीला पात्रता. बहुतेकांच्या लिखाणात या दोन्ही असतात, पण एकमेकींकडे पाठ करून. आधी चार ओळी कळवळ्याच्या, मग चार ओळी पदव्यांच्या. कळवळा वाचून पैसे द्यावेसे वाटतात, पण भरवसा बसत नाही. पदव्या वाचून भरवसा बसतो, पण पैसे देण्याचे कारण सापडत नाही.

दोन्ही गोष्टी एकाच धाग्यात कशा येतात, हे साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या म्हसवडच्या माणदेशी महिला बँकेच्या जन्मकथेत दिसते. संस्थापक चेतना सिन्हा मूळच्या मुंबईच्या, शिक्षण अर्थशास्त्राचे. जयप्रकाशांच्या आंदोलनातून चळवळीत आलेल्या सिन्हा लग्नानंतर म्हसवडला स्थायिक झाल्या. रस्त्याकडेला झोपडीत राहून लोहारकाम करणाऱ्या कांताबाईंना पावसाळ्यापूर्वी प्लास्टिकचा कागद घ्यायचा होता आणि त्यासाठी थोडी-थोडी बचत करायची होती. इतक्या किरकोळ रकमेचे खाते उघडायला बँका तयार नव्हत्या. सिन्हांनी बायकांची बँक काढायचे ठरवले, पण प्रवर्तक बायकांपैकी अनेक निरक्षर असल्याने रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. बायका लिहा-वाचायला शिकल्या आणि काही महिन्यांनी पुन्हा गेल्या. कोणत्याही मुद्दलावरचे व्याज आम्हाला तोंडी विचारा, असे त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितले. 1997 साली बँक सुरू झाली.

या हकिगतीत पात्रतेचा सर्वांत भक्कम पुरावा कोणता? सिन्हांची पदवी उपयोगाची आहेच, पण त्याहून जास्त वजन नकार मिळाल्यावर जे केले त्याला आहे. कांताबाईंचा प्लास्टिकचा कागद ही प्रेरणा, तोंडी व्याज काढणे ही पात्रता, आणि परवान्याचा नकार हा दोघींना जोडणारा दुवा. त्यातले एक जरी काढले तरी गोष्ट लंगडी पडते.

आता एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा जुन्नर तालुक्यातली एक तरुणी टोमॅटो उन्हात वाळवून विकण्याचा उद्योग करू पाहते आहे. तिचा पहिला मसुदा असा असेल: ‘लहानपणापासून बळीराजाच्या व्यथा पाहून माझे मन हेलावत असे. समाजाचे ऋण फेडण्याच्या भावनेतून मी या क्षेत्रात पदार्पण केले. मी अन्नतंत्रज्ञानाची पदवीधर असून मला विविध पुरस्कार मिळाले आहेत.’ यात खोटे काहीच नसेल, पण पकडून ठेवावे असेही काही नाही. हाच मजकूर मधाच्या, गोधड्यांच्या किंवा बायोगॅसच्या उद्योगाला जसाच्या तसा चिकटवता येतो. मसुदा कच्चा आहे हे ओळखण्याची खूण हीच.

त्याच तरुणीचा दुसरा मसुदा: ‘एका ऑगस्टमध्ये वडिलांनी चाळीस कॅरेट टोमॅटो बाजारातून परत आणले, कारण मिळणाऱ्या भावात वाहतूकही सुटत नव्हती. तेव्हा मी अन्नतंत्रज्ञानाची पदवी घेऊन एका सॉसच्या कारखान्यात मालातल्या ओलाव्याची तपासणी करत होते. सुट्टीत घराच्या गच्चीवर सौर वाळवणी यंत्र उभे केले. पहिल्या मालाला बुरशी आली. चकत्या जाड होत्या आणि आभाळ भरून होते. चकत्या पातळ केल्यावर आणि ढगाळ दिवसासाठी विजेवरचा पंखा बसवल्यावर माल टिकू लागला. शंभर किलो टोमॅटोपासून सहा-सात किलो सुका माल मिळतो. विक्रीचा मला अनुभव नाही. ते काम किराणा व्यापारात वाढलेली माझी भागीदार पाहते. या पैशातून आणखी दोन यंत्रे घ्यायची आहेत.’

इथे पदवी आहे, नोकरी आहे, पण त्या वेगळ्या ओळीत मिरवत नाहीत. ओलाव्याच्या तपासणीचा उल्लेख येतो तो बुरशीच्या अगोदर, त्यामुळे चूक कुठे झाली हे तिला कसे कळले ते वाचणाऱ्याला आपोआप समजते. सहा-सात किलोचा आकडाही पटण्याजोगा आहे: टोमॅटोत साधारण 94 टक्के पाणी असते, त्यामुळे शंभर किलोतून वीस किलो सुका माल निघतो असे कोणी लिहिले असते, तर जाणकाराने पान तिथेच मिटले असते. विक्रीबाबतची कबुली अनेकांना काढून टाकावीशी वाटेल. ती काढू नये. शेती, कारखाना, हिशेब आणि विक्री सगळेच एकाच माणसाला येते, असे सांगणाऱ्यावर विश्वास कमी बसतो.

वगळायच्या गोष्टीही आहेत. या कामाशी नाते नसलेली पदवी एका शब्दात उरकावी किंवा सोडून द्यावी. पुरस्कार कोणी, कोणत्या कामासाठी दिला हे सांगता येत नसेल, तर त्याचा उल्लेख उलटा संशय वाढवतो. पैसे भरून मिळणाऱ्या सन्मानचिन्हांचा बाजार आता वाचकांनाही ठाऊक आहे. त्याऐवजी तपासता येईल ते लिहावे. खाद्यपदार्थाचा उद्योग असेल, तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी क्रमांक द्यावा, म्हणजे वाचणारा तो प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पडताळू शकतो.

जास्त नाजूक प्रश्न दुसऱ्याच्या दुःखाचा. प्रेरणा बऱ्याचदा शेजारची विधवा, ऊसतोड कामगाराचे मूल किंवा आजारी नातेवाईक यांच्याकडून आलेली असते. त्यांचे नाव, फोटो किंवा आजार त्यांच्या संमतीशिवाय छापणे हा अन्याय आहे, आणि गावात ती माणसे ओळखू येतात. नाव न घेताही प्रसंग सांगता येतो. शिवाय प्रसंगातली मध्यवर्ती व्यक्ती लिहिणाराच असावी, म्हणजे त्याने काय पाहिले आणि मग काय केले. नाहीतर परिच्छेद दुसऱ्याच्या हालांचे प्रदर्शन होऊन बसतो.

शेवटच्या ओळीत पैसे कशाला हवेत हे येते, आणि तिथे एका शब्दाने गोंधळ होऊ शकतो. ‘आमच्यात गुंतवणूक करा’ हे वाक्य ऐकायला छान, पण लोकांकडून खुलेपणाने वर्गणी घेऊन त्यांना समभाग देण्याची पद्धत भारतात मान्य नाही. खासगी कंपनीला समभाग द्यायचेच असतील, तर कंपनी कायद्याच्या कलम 42 नुसार ठरावीक व्यक्तींना प्रस्ताव द्यावा लागतो. त्यांची संख्या वर्षाला दोनशेच्या पुढे जाऊ शकत नाही आणि त्याची जाहिरातही करता येत नाही. म्हणून पैसे देणगी म्हणून हवेत, मालाची आगाऊ मागणी म्हणून की कर्ज म्हणून, हे स्पष्ट लिहावे. देणगी असेल तर आणखी एक बाब: करसवलत त्यासाठी मान्यता मिळालेल्या धर्मादाय संस्थेला दिलेल्या देणगीवरच मिळते. टोमॅटोचा उद्योग नफ्यासाठीची कंपनी असेल, तर त्या तरुणीने सवलतीचा उल्लेखही करू नये.