आधी बट तपासा, मग बोला

पुण्यातल्या एका पार्लरच्या मालकीणबाई नव्या शिकाऊ मुलींच्या हाती कात्री किंवा ब्रश देण्याआधी त्यांना समोर बसवतात आणि गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं ते सांगतात. सगळ्या त्यांना ताईच म्हणतात. त्यांचं बोलणं फार वेळ चालत नाही, पण आरशासमोरच्या खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येक बाईला ते माहीत असायला हवं.

ताईंची सुरुवात आयब्रोपासून होते. एखादी बाई फक्त आयब्रो करायला येते. दोरा चालू असतानाच मुलगी म्हणते, “मॅडम, किती टॅन झालंय! डी-टॅन करू या का? अपरलिपपण करून टाकते. फेशियल कधी केलं होतं?” बाई आली तेव्हा तिला स्वतःच्या चेहऱ्याबद्दल काही तक्रार नव्हती. पाच मिनिटांत तिला तीन तक्रारी मिळाल्या. “ह्याला खरं बोलणं म्हणत नाहीत,” ताई सांगतात. “हे दुखवून विकणं आहे. गिऱ्हाइकाने विचारलं नसेल तर तिच्या चेहऱ्यात काय कमी आहे ते बोलायचं नाही. रंगाबद्दल तर नाहीच.” अनेक ठिकाणी मुलींना विकलेल्या सर्व्हिसवर कमिशन मिळतं आणि सल्ला तिथेच वाकडा होतो. मला हे मुळावरचं बोट वाटतं. पगार दुसऱ्याच्या न्यूनगंडावर ठरत असेल, तर चांगल्या मुलीच्या तोंडीही तेच शब्द येणार.

याला एक अपवाद ताई आवर्जून सांगतात. डोक्यावर चाईसारखा गोल, गुळगुळीत भाग दिसला किंवा मानेवरच्या तिळाचा आकार बदललेला वाटला, तर ते सांगायचंच, कारण डोक्याची मागची बाजू गिऱ्हाइकाला स्वतः दिसत नाही. फक्त जे दिसलं तेवढंच हळू आवाजात सांगायचं, आजाराचं नाव घ्यायचं नाही आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवायला सांगायचं. त्यावर आपल्याकडचं तेल काढून द्यायचं नाही.

मग खरा कठीण प्रश्न येतो. गिऱ्हाईक स्वतःच विचारतं, “मला हे शोभेल ना?”

ताई एक उदाहरण घेऊन बसतात. पाठीपर्यंत केस असलेली एक तरुणी येते. दहा दिवसांवर भावाचं लग्न आहे. मोबाइलवर फोटो आहे, त्यात गडद केसांत कॅरॅमल रंगाच्या हायलाइट्स. नवी मुलगी लगेच म्हणते, “खूप छान दिसेल!” ताईंच्या मते चूक इथेच होते. केस तो रंग घेऊ शकतात का, हे कळायच्या आधीच तिने उत्तर दिलेलं असतं.

केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे वर्षाला पंधराएक सेंटिमीटर. पंचेचाळीस सेंटिमीटर लांब केसांची टोकं तीन वर्षांपूर्वीची असतात. तीन वर्षांत डोक्यावर जे जे लावलं, ते अजून तिथेच आहे. म्हणून “कलर केलाय का?” एवढंच विचारून भागत नाही. काळी मेंदी लावणारी बाई त्यावर मनापासून “नाही” म्हणते, कारण तिच्या लेखी मेंदी म्हणजे कलर नव्हे. पण बाजारातल्या पाकिटबंद काळ्या मेंदीत बहुतेक वेळा डायचंच रसायन असतं. त्यामुळे एकेक करून विचारायचं: मेंदी लावली होती का, लाल की काळी? पांढरे केस झाकायला काही लावता का? स्ट्रेटनिंग केलं होतं का? या तरुणीच्या बाबतीत उत्तर निघतं की दीड वर्षापूर्वीपर्यंत ती दर महिन्याला काळी मेंदी लावत होती. म्हणजे मुळापासूनचे वीसेक सेंटिमीटर केस कोरे आहेत आणि त्याखाली रंगावर रंग चढलेला आहे.

आता बट तपासायची. कानामागून, दिसणार नाही अशा जागेवरून दोन बारीक बटा घ्यायच्या आणि दोऱ्याने बांधायच्या. पहिली बट काचेच्या वाटीत वीस व्हॉल्यूमच्या, म्हणजे सहा टक्क्यांच्या डेव्हलपरमध्ये अमोनियाचे थोडे थेंब टाकून अर्धा तास बुडवून ठेवायची. काही मेंद्यांत आणि डायमध्ये धातूंचे क्षार असतात. ते असले तर वाटी गरम होते, फेस येतो, उग्र वास सुटतो. असं झालं तर तिथेच थांबायचं, कारण डोक्यावर हेच झालं तर केस जळून तुटतात आणि टाळूही भाजू शकते. वाटी शांत राहिली तर दुसऱ्या बटेला ब्लीच लावून बघायचं. काळे केस उजळताना आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळे होत जातात. कॅरॅमलसाठी निदान नारिंगीच्या पुढे जावं लागतं. या तरुणीची बट मुळाकडे भराभर पिवळट होते, पण खाली विटकरी लालवर अडकते. नुसता फिका रंग वरून लावूनही तो काळा थर उतरत नाही. शेवटी ब्लीच केलेली ओली बट बोटांत धरून हळूच ताणायची. चांगला केस ताणला जातो आणि सोडल्यावर परत येतो. हिची टोकं ताणली की लांबतात, परत येत नाहीत आणि तुटतात.

एवढं हाती आलं की बोलायला सोपं जातं. “तुमचे केस खराब आहेत” हे वाक्य ताईंना चालत नाही. त्यातून बाईला फक्त लाज वाटते, कळत काहीच नाही. ताई ती बट तिच्या तळहातावर ठेवतात आणि म्हणतात, “वरचे केस कोरे आहेत, ते उजळले. खांद्याखाली जुन्या मेंदीचा थर आहे, तो लालवर थांबला आणि टोकं तुटली. फोटोतला रंग लग्नापर्यंत नीट येणार नाही. जबरदस्तीने केला तर वर पिवळा आणि खाली लाल पट्टा दिसेल.” मग तिच्यापुढे मार्ग ठेवतात. आत्ता टोकं कापून नुसता ग्लॉस घ्यायचा, म्हणजे चमक येईल. लग्नानंतर काही महिन्यांत टप्प्याटप्प्याने उजळत जायचं, दर वेळी थोडा जुना भाग कापत. टोनर दीड-दोन महिन्यांत उतरतो, तो परत लावण्याचा खर्चही आत्ताच सांगायचा. आणि रंग करायचा ठरला तर अठ्ठेचाळीस तास आधी कानामागे पॅच टेस्ट, कारण काळ्या मेंदीतलं रसायन एकदा अंगाला बाधू लागलं की पुढच्या डायलाही खाज आणि सूज येऊ शकते.

शोभण्याचा प्रश्न यानंतर येतो. तिथे ताई गिऱ्हाइकाला खिडकीपाशी नेतात, कारण पार्लरच्या पिवळ्या दिव्यांत सगळेच रंग उबदार दिसतात. रंगाच्या नमुन्याची बट गालाजवळ धरतात आणि तिलाच विचारतात, “कोणती बघून बरं वाटतं?” आपलं मत विचारलं तरच द्यायचं आणि कारणासकट: “ही बट धरली की डोळे उठून दिसतात, ती धरली की नजर आधी केसांवर जाते.” कारण दिलं की तिला ते पटवून घेता येतं किंवा खोडताही येतं. कातडीच्या रंगावरून “हे तुमच्यासारख्यांना नाही” असं मात्र कुणीही म्हणायचं नाही. सावळ्या चेहऱ्याला तांबूस, मधाळ रंग किती खुलतात, हे ताई मुलींना नमुने धरून दाखवतात.

एका मुलीने विचारलं, “आणि ती दुसरीकडे जाऊन करून आली तर?”

“जाऊ दे,” ताई म्हणाल्या. “तिला काय होईल ते सांगून पाठवलंय. डोकं तिचं, निर्णयही तिचा. पण तू ते करायचं नाहीस.”

त्या दिवशीचं काम कार्डावर लिहून संपतं. तारीख, मेंदीची माहिती, दोन्ही बटांचं काय झालं, गिऱ्हाइकाला नेमकं काय सांगितलं आणि कशाला नाही म्हटलं, हे सगळं त्यावर येतं. तपासलेली बट कार्डालाच टाचून ठेवतात. सहा महिन्यांनी ती तरुणी परत आली आणि खुर्चीमागे दुसरीच मुलगी उभी असली, तरी तिला वेगळं काही ऐकायला मिळत नाही.