नव्या साहेबांची कोंडी

कार्यालयातला जाच म्हटला की खेकसणारा साहेब आणि मान खाली घालून उभा असलेला कारकून डोळ्यांसमोर येतो. याच्या उलट, हाताखालच्यांनी साहेबाचा केलेला जाच फारसा बोलला जात नाही. ज्याला तो होतो तोच लपवतो, कारण तक्रार केली तर ‘याला माणसं सांभाळता येत नाहीत’ असा शिक्का बसायची भीती असते.

ऑस्ट्रेलियात जानेवारी २०१४ पासून कामाच्या ठिकाणचा जाच थांबवण्यासाठी थेट फेअर वर्क कमिशनकडे जाता येतं. त्याच वर्षी एका टीम लीडर महिलेने तिथे आपल्या हाताखालच्या दोघांविरुद्ध दाद मागितली. त्यांनी अफवा पसरवल्या, आपल्याविरुद्ध खोट्या तक्रारी केल्या, असं तिचं म्हणणं होतं. आरोप हाताखालच्यांवर आहे म्हणून अर्ज अडला नाही. तरीही तो फेटाळला गेला. तिथल्या कायद्यानुसार वागणूक गैरवाजवी असावी लागते, वारंवार झालेली असावी लागते आणि तिच्यामुळे आरोग्याला किंवा सुरक्षिततेला धोका निर्माण झालेला असावा लागतो. समोर आलेल्या पुराव्यांतून एवढं सिद्ध झालं नाही.

खरी अडचण ‘वारंवार’ या अटीत आहे. असा जाच एकेका घटनेत पाहिला तर क्षुल्लक दिसतो.

समजा, चाकणच्या एका कारखान्यात डिस्पॅच विभागावर बाहेरून नवी मॅनेजर आली. त्या खुर्चीवर डोळा ठेवून बसलेला जुना माणूस तिच्याच हाताखाली आहे. स्टॉकचा तक्ता मागितला की तो ‘विसरलो’ म्हणतो. बैठकीच्या दिवशी तिघे एकदम आजारी पडतात. व्हॉट्सॲपवर तिला वगळून वेगळा ग्रुप निघतो आणि ‘मालकांच्या ओळखीने आली’ ही कुजबुज कँटीनपर्यंत पोचते. यातलं एकच काही घेऊन ती एचआरकडे गेली, तर हसून परत पाठवतील.

म्हणून नोंदवही हवी, आणि ती त्याच दिवशी लिहिलेली. ‘आज पुन्हा सगळ्यांनी त्रास दिला’ या वाक्याचा चौकशीत काडीचा उपयोग नाही. उपयोगी नोंद अशी असते : ‘१२ मार्च, सकाळी १०.४०, गोडाऊन. क्ष यांना चार वाजेपर्यंत स्टॉकचा तक्ता द्यायला सांगितलं. त्यांचे शब्द : मॅडम, तुमच्या आधी हे कोणी मागत नव्हतं, मी देणार नाही. सुपरवायझर य हजर होते. तक्ता १३ तारखेला दुपारी मिळाला. नाशिकची गाडी एक दिवस उशिरा गेली.’ यात कुठेही ‘उद्धट’, ‘कारस्थानी’ असली विशेषणं नाहीत. शेवटचं वाक्य सर्वांत मोलाचं, कारण दुखावलेल्या मनापेक्षा रखडलेली गाडी व्यवस्थापनाला लवकर कळते.

तोंडी दिलेल्या सूचनेला त्याच संध्याकाळी दोन ओळींच्या मेलची जोड द्यावी : ‘सकाळी ठरल्याप्रमाणे तक्ता चार वाजेपर्यंत हवा होता, अजून मिळालेला नाही. काही अडचण असल्यास कळवा.’ शेवटचा प्रश्न नुसता शिष्टाचार नाही. १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याखालच्या नमुना आदेशांनी वरिष्ठाच्या कायदेशीर व वाजवी आदेशाची जाणूनबुजून केलेली अवज्ञा, एकट्याने असो वा इतरांच्या साथीने, गैरवर्तन ठरवली. म्हणजे आदेश वाजवी होता, तो पोचला आणि तरी मुद्दाम पाळला नाही, हे दाखवावं लागतं. खरी अडचण असेल तर तीही या मेलच्या उत्तरात बाहेर येते. हाताखालच्यांची तक्रार रास्तही असू शकते, हे विसरून चालत नाही. कामगाराने लेखी गाऱ्हाणं मांडणं किंवा युनियनकडे जाणं हा जाच नव्हे.

अफवेची नोंद अधिक नाजूक असते. ती बहुधा तिसऱ्याच्या तोंडून कळते, तेव्हा ‘अमुक माणूस असं बोलतो’ असं लिहू नये. कोणी, कधी, कोणत्या शब्दांत येऊन सांगितलं एवढंच लिहावं. ग्रुपमधल्या कोणी स्क्रीनशॉट दिला, तर मूळ संदेश ज्या फोनवर आहे तो जपायला सांगावं. प्रकरण कोर्टात गेलं तर नुसत्या छापील प्रतीवर भागत नाही, भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडावं लागतं. कंपनीचे मेल स्वतःच्या खासगी पत्त्यावर पाठवायचा मोह मात्र टाळावा. बहुतेक कंपन्यांत तो गोपनीयतेचा भंग ठरतो, आणि तक्रारदारच चौकशीच्या पिंजऱ्यात उभा राहतो.

मॅनेजर महिला असेल आणि कुजबुज लैंगिक स्वरूपाची असेल, तर वाट वेगळी आहे. २०१३ च्या कायद्याखाली ती हाताखालच्या माणसाविरुद्धही अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार करू शकते. त्यासाठी शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांची मुदत असते. सबळ कारण असेल तर समिती ती आणखी जास्तीत जास्त तीन महिने वाढवू शकते.