सूर वीणेचा, लय मृदंगाची

वारकरी भजनात पन्नास माणसे एकदम गातात. त्यांच्यासमोर स्वरलिपीचा कागद नसतो, हातवारे करून इशारे देणारा कुणी संचालक नसतो. तरीही भजन विस्कटत नाही. माझी बरीच वर्षे मृदंग वाजवण्यात गेली आहेत, त्यामुळे हे कसे साधते असे लोक मला नेहमी विचारतात. उत्तर सोपे आहे. प्रत्येक वाद्याला एकेक काम वाटून दिलेले असते.

वीणा सूर धरून ठेवते. वीणेकऱ्याच्या गळ्यातल्या वीणेवर चाल वाजत नाही, तिच्या तारा फक्त छेडायच्या असतात. अभंग सुरू असताना गाणाऱ्याचा आवाज चढतो, उतरतो, दमतो. वीणेचा षड्ज मात्र जागचा हलत नाही, आणि गाणारा फिरून त्याच्यावरच येतो. सप्ताहात ही वीणा खाली ठेवत नाहीत. पहारेकरी बदलले तरी ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते.

मृदंगाची उजवी बाजू या षड्जाला मिळवलेली हवी. गाणाऱ्याने काळी पाच पट्टी धरली आणि मृदंग काळी चारला लागलेला असला, तर दोघांत पूर्ण एका स्वराचे अंतर पडते. मग मागे म्हणणाऱ्यांपैकी काही गळ्याच्या ओढीने वर जातात, तर काही मृदंगाच्या ओढीने खाली राहतात. म्हणून भजनाआधी हातोडीने गठ्ठे ठोकून शाई सुरात आणायची. डाव्या बाजूला कणीक लावायची, घुमारा तिच्यामुळे येतो. पावसाळी हवेत कातडे ओल धरते, सैलावते आणि सूर उतरतो. उन्हात तोच सूर चढतो. कणीक वाळली की डावी बाजू पोकळ बोलू लागते, तेव्हा ती काढून ताजी लावावी लागते. आषाढात तर हे काम दिवसातून अनेकदा करावे लागते.

टाळ लय सर्वांच्या हातात देतात. काशाचा टाळ मोकळा सोडला तर त्याचा नाद लांबतो, आणि पन्नास टाळ एकदम घुमले की शब्द बुडतात. म्हणून जाणते टाळकरी मुख्य गाणारा चरण म्हणत असताना हात हलका ठेवतात आणि समूहाने चरण उचलला की टाळ मोकळे करतात. चिपळ्यांचा नाद आखूड असतो. दोन लाकडी पट्ट्या आणि त्यांत बसवलेल्या पितळी चकत्या, एवढेच हे वाद्य. एक पट्टी अंगठ्यात आणि दुसरी बोटांत अडकवायची. नाद चटकन थांबतो म्हणून शब्द झाकले जात नाहीत, आणि दुसरा हात मोकळा राहतो. एकट्याने गाणाऱ्याला, बोलता बोलता गाण्यावर येणाऱ्या कीर्तनकाराला त्या सोयीच्या पडतात. मोठ्या समूहाला मात्र टाळच हवेत.

खरी परीक्षा दिंडीत होते. ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. दिंडी ३४ मीटर लांब आहे आणि मृदंग एका टोकाला आहे असे धरा. दुसऱ्या टोकाला थाप सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा पोचते. आठ मात्रांचा भजनी ठेका सेकंदाला दोन मात्रा या गतीने चालला असेल, तर हा उशीर मात्रेचा पाचवा हिस्सा झाला. तिकडचा टाळ परत मृदंगापर्यंत येतो तेव्हा उशीर दुप्पट होतो. मृदंगी त्या टाळासाठी थांबला तर लय रेंगाळते. त्याला ओढायला गेला तर लय चढते आणि चरणाच्या शेवटी गाणाऱ्यांना श्वास पुरत नाही.

यावर उपाय असा, की मृदंग टाळकऱ्यांच्या रांगांमध्ये ठेवायचा. मृदंग बरोबर मधोमध आला की सर्वांत दूरचा टाळकरी १७ मीटरवर येतो आणि उशीर निम्मा होतो. उरलेला फरक डोळे भरून काढतात. समोरासमोरच्या रांगांना एकमेकांचे हात दिसतात. पावली खेळताना तर पायच मात्रा मोजतात, आणि पाय दिसायला वेळ लागत नाही. नव्या टाळकऱ्याला मी एवढेच सांगतो, की लांबच्या टाळाच्या आवाजामागे जाऊ नकोस, समोरच्याच्या हाताकडे बघ.

याला मर्यादाही आहे. दिंडी फार लांबली की एक मृदंग पुरत नाही, आणि दोन मृदंग दूर ठेवले तर दोन लयी तयार होतात. ते जवळ आणावे लागतात, नाहीतर मागच्यांनी आपले भजन वेगळे लावावे लागते. लय बिघडली हे ओळखायचे कसे? टाळाचा एकच ठोका ऐकू येण्याऐवजी खळखळ ऐकू येऊ लागली, की समजावे, माणसे एकमेकांपासून सुटली. अशा वेळी मृदंगी बोल कमी करतो, कलाकुसर सोडतो आणि साधा ठेका ठळक धरतो. दोन-तीन आवर्तनांत खळखळ मिटते आणि टाळ पुन्हा एका ठोक्यावर पडू लागतात.