दुसऱ्या दिवशीचा सोळावा अध्याय

मंडळी, मार्गशीर्ष शुद्ध पौर्णिमेला प्रदोषकाळी, म्हणजे दिवेलागणीला, दत्तजन्म होतो. पाळणा हलतो, सुंठवडा वाटला जातो. पण ज्या घरी गुरुचरित्राचा सप्ताह असतो, तिथली जयंती सहा दिवस आधीच सुरू झालेली असते. सातवा दिवस पौर्णिमेला आला पाहिजे, म्हणून पंचांगात पौर्णिमा बघायची आणि मागं मोजायचं. बहुधा नवमी येते. पण मध्ये तिथीचा क्षय असला तर एक दिवस चुकतो बरं का! म्हणून तिथी मोजू नका, वार मोजा.

सात दिवसांचे मुक्काम बहुतेक पोथ्यांत असे छापलेले असतात : 9, 21, 29, 35, 38, 43 आणि 52. कोणी विचारतं, "महाराज, दुसऱ्या दिवशी बारा अध्याय आणि पाचव्या दिवशी तीनच, असं का?" अहो, छत्तिसावा अध्याय केवढा मोठा आहे! वाटणी अध्यायांच्या आकड्यावर नाही, वाचायला लागणाऱ्या वेळावर आहे. काही पोथ्यांत पहिला मुक्काम सातव्यावर आणि दुसरा अठराव्यावर असतो. घरात जी पोथी चालत आली, तिचाच क्रम धरावा. दोन्हींची सरमिसळ केली की अध्याय सुटतो.

आता आपल्या बीड जिल्ह्याची गोष्ट. दोन्ही क्रमांत सोळावा अध्याय दुसऱ्याच दिवशी येतो, आणि तो घडतो आपल्या परळी वैजनाथला! श्रीनृसिंहसरस्वतींनी शिष्यांना तीर्थयात्रेला धाडलं आणि स्वतः वर्षभर इथं गुप्त राहिले. सेवेला एकटे सिद्धमुनी. तिथं एक ब्राह्मण आला नि रडगाणं गाऊ लागला, "माझा गुरू फार कठोर, नुसती कामं सांगतो, शिकवत काही नाही. म्हणून सोडून आलो."

स्वामी त्याच्यावर रागावले. मग त्याला धौम्य ऋषींच्या शिष्यांची कथा सांगितली. बांध फुटला तेव्हा अरुणी स्वतः पाण्यात आडवा झाला. उपमन्यू भुकेनं रुईचा चीक प्याला, आंधळा होऊन विहिरीत पडला. दोघांनाही शोधत गुरूच आले ना! कठोर दिसणारा गुरू शिष्याला विसरलेला नव्हता.

ब्राह्मणाला पश्चात्ताप झाला. स्वामींनी मस्तकी हात ठेवला. पण "आता माझा शिष्य हो" असं म्हणाले का? नाही. म्हणाले, आपल्या गुरूकडे परत जा.

इथं थांबा, मंडळी. त्रिमुखी मूर्तीचे सहा हात बघा : खाली माळ-कमंडलू ब्रह्मदेवाचे, मध्ये डमरू-त्रिशूळ शंकराचे, वर शंख-चक्र विष्णूचे. तीन देव एका देहात नांदतात. आणि आपण सोवळं नेसून पोथी वाचतो, सात दिवस भुईवर निजतो, आणि शेजारच्या खोलीतल्या म्हाताऱ्या बापाशी बोलत नाही! सोळावा अध्याय वाचून झाला की पोथीवर फूल वाहा, उठा आणि ज्याला सोडून आलात त्याच्या पाया पडा. तिसऱ्या दिवशीचं वाचन मग सुरू करा.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!