हुशार मुलांचा तास, लेखांक ७ : पिनकोडची वजाबाकी

हातच्याच्या वजाबाकीची पंधरा उदाहरणे फळ्यावर लिहावीत आणि वर्गातल्या दोघा-तिघांनी ती दहा मिनिटांत उरकावीत, हे पेण-रोह्याच्या शिक्षकांना नवे नाही. मग त्यांना आणखी पंधरा उदाहरणे मिळतात. पुढच्या वेळी ही मुले मुद्दाम सावकाश लिहितात.

त्यांना वेगळा धडा नको, हीच वजाबाकी खोलवर हवी. डहाणूत १९०५ साली जन्मलेल्या आणि देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी त्यासाठी उत्तम साधन देऊन ठेवले आहे. संख्येतले अंक आधी उतरत्या क्रमाने मांडायचे, मग चढत्या. मोठ्या संख्येतून लहान वजा करायची आणि उत्तरावर पुन्हा तेच करायचे. चार अंकी संख्येत सगळे अंक सारखे नसतील, तर शेवटी ६१७४ येतेच. हा त्यांचा १९४९ मधला शोध.

पाठाची सुरुवात मात्र तीन अंकांनी करावी. पेण आणि रोहा, दोन्हींचे पिनकोड ४०२ ने सुरू होतात; तीच संख्या सगळ्या वर्गाला द्यावी. ४२० वजा ०२४ म्हणजे ३९६. पुढे ९६३ वजा ३६९ म्हणजे ५९४. मग ९५४ वजा ४५९ म्हणजे ४९५, आणि यापुढे उत्तर बदलत नाही. सराव इथे सगळ्यांचाच होतो. झटपट करणाऱ्यांपुढे मात्र प्रश्न ठेवायचा : सगळे अंक सारखे नसलेली कुठलीही तीन अंकी संख्या घेतली तरी ४९५ च का?

यासाठी निदान एक पूर्ण तास राखावा आणि शिक्षकांनी उत्तर फोडू नये. मुले अडली तर एवढेच विचारावे, ‘मधल्या अंकाचे काय होते?’ तो दोन्ही संख्यांत दशकस्थानीच राहतो, म्हणून त्याचा परिणाम उरत नाही. पहिली वजाबाकी म्हणजे सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान अंकांतल्या फरकाची ९९ पट. फरक १ ते ९, म्हणून उत्तरे नऊच : ०९९, १९८, २९७ पासून ८९१ पर्यंत. ही नऊही ४९५ ला पोचतात हे तपासले की सिद्धता पूर्ण झाली. ०९९ मधले शून्य गाळले की गाडी रुळावरून घसरते, तेवढे पाहावे.

वहीत वीस संख्या करून ‘नेहमी येते’ लिहिणारे मूल अजून सरावातच आहे. ‘एवढीच नऊ, दहावे शक्य नाही’ असे कारणासह लिहिणारे पुढे गेले.

त्याच्यासाठी पूर्ण पिनकोड. पेणचा ४०२१०७ दोन वजाबाक्यांत ८४०८५२ वर येतो आणि तिथून सात संख्यांच्या चक्रात फिरत राहतो. रोह्याचा ४०२१०९ त्याच चक्रात शिरतो, पण सहाव्या वजाबाकीला, ४२०८७६ वर. शेवटच्या अंकात दोनचाच फरक असताना असे का व्हावे? शिवाय ६३१७६४ ही संख्या चक्रात न शिरता जागीच राहते. अशी आणखी एक सहा अंकी संख्या शोधायला मुलांना आठवडा द्यावा.