यादीत नसलेली गाडी

सिंगापूरच्या सर्कल लाइन मेट्रोच्या गाड्यांना मोटरमन नसतो. पुढे रूळ कुठपर्यंत मोकळा आहे, हे गाडीला सिग्नल यंत्रणेकडून सतत कळत राहावं लागतं. हा संपर्क तुटला की गाडी तर्क करत बसत नाही, आपत्कालीन ब्रेक लावून असेल तिथे थांबते. सुरक्षेच्या दृष्टीनं हे योग्यच. पण एक गाडी थांबली की मागच्याही रखडतात. ऑगस्ट २०१६च्या अखेरीस असं वारंवार होऊ लागलं, मधे थांबलं आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला पुन्हा सुरू झालं.

प्रत्येक वेळी नोंद होत होती: तारीख, वेळ, जागा, गाडीचा क्रमांक, दिशा. कंट्रोल रूममध्ये बसणाऱ्याला सिग्नल गेल्याची घटना अशीच दिसते, एकेक ओळ म्हणून. अमुक गाडी थांबली, संपर्क परत आला, गाडी निघाली, पुढची ओळ. ५ नोव्हेंबरला, शनिवारी, सिंगापूर सरकारच्या माहिती-विश्लेषकांचा एक छोटा गट या नोंदी घेऊन बसला. आधी त्यांनी कोणीही विचारेल तेच प्रश्न विचारले. ठरावीक वेळेलाच होतं का? नाही, दिवसभर होत होतं. ठरावीक स्टेशनाजवळ? तेही नाही, मार्गभर पसरलेलं. मग एखादी गाडीच खराब असेल? जवळपास सगळ्याच गाड्यांना हा त्रास झालेला होता.

इथे बहुतेक तपास अडकतात, कारण वेळ, जागा आणि गाडी यांच्या वेगवेगळ्या बेरजा केल्या की तिन्हींचा एकमेकांशी असलेला संबंध पुसला जातो. तो टिकवायचा, तर वेळ आणि जागा एकाच कागदावर आणावी लागते. या गटानं तेच केलं. एका अक्षावर स्टेशनं, दुसऱ्यावर वेळ आणि प्रत्येक घटनेसाठी एक ठिपका. गाडीच्या दिशेप्रमाणे ठिपक्याचा रंग. ही पद्धत एकोणिसाव्या शतकातली आहे. आपल्याकडचा सेक्शन कंट्रोलर ज्यावर गाड्या चालवतो, तो कंट्रोल चार्टही याच घराण्यातला. भुसावळ किंवा सोलापूर विभागात काम केलेल्या माणसाला तिरकी रेघ दिसली की गाडी धावते आहे, हे सांगावं लागत नाही.

ठिपके अशाच तिरक्या रेघांवर पडलेले दिसले. विचित्र इतकंच, की रेघ एका दिशेला सरकत होती आणि थांबलेल्या गाड्या उलट दिशेच्या होत्या.

याचा अर्थ एका सोप्या हिशेबानं कळतो. समजा, उलट दिशेनं दर चार मिनिटांनी एक गाडी येते आणि सगळ्यांचा वेग सारखा आहे. दोघी एकमेकींकडे येत असल्यामुळे आपल्या गाडीला दर दोन मिनिटांनी समोरून एक गाडी भेटेल. आता आपल्या गाडीतली काही सदोष यंत्रणा शेजारून जाणाऱ्या गाडीचा सिग्नल बिघडवत असेल, तर दर दोन मिनिटांनी एक नवी गाडी थांबेल आणि ताशी ३६ किलोमीटर वेग धरला तर प्रत्येक घटना आधीच्या घटनेपेक्षा १.२ किलोमीटर पुढे घडेल. ठिपके जोडले की जी रेघ मिळते, ती थांबलेल्या कुठल्याच गाडीची नाही. ती बिघडवणाऱ्या गाडीची आहे. तिचा स्वतःचा संपर्क मात्र शाबूत राहिला असेल, तर घटनांच्या यादीत तिचं नाव येणारच नाही. आजारी पडलेल्यांच्या नोंदी कितीही वाचल्या तरी आजार वाहून नेणारा सापडू नये, तशी ही गत.

डोळ्यांना दिसलेल्या रेघेवर भिस्त ठेवणं धोक्याचं असतं, कारण पुरेसे ठिपके असले की माणसाला हव्या त्या रेघा दिसतात. म्हणून गटानं छोटा प्रोग्राम लिहून पडताळणी केली. वेळ आणि अंतर पाहता ज्या लागोपाठच्या घटना एकाच चालत्या गाडीमुळे घडू शकतात, त्या साखळीत जोडायच्या आणि किती घटना बसतात ते मोजायचं. २५९पैकी १८९, म्हणजे ७३ टक्के बसल्या. योगायोगानं एवढं जुळणं कठीण होतं.

गाडी कोणती, हे मात्र चार्ट सांगू शकत नव्हता. त्यासाठी घटनांच्या वेळी त्या त्या स्टेशनांतून कोणती गाडी जात होती, हे व्हिडिओ चित्रणात पाहावं लागलं. पुन्हा पुन्हा एकच क्रमांक पुढे आला: PV46.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, कमी गर्दीच्या वेळी ती गाडी मुद्दाम चालवून पाहिली गेली. तिच्या जवळून जाणाऱ्या गाड्यांचा संपर्क तुटला. तिच्यातल्या सिग्नल यंत्रणेचा एक सदोष भाग चुकीचे संदेश बाहेर सोडत होता. PV46 कुठे कुठे धावली होती, याच्या जुन्या नोंदी मग सगळ्या घटनांशी ताडून पाहिल्या, तेव्हा ऑगस्टपासूनच्या ९५ टक्क्यांहून अधिक घटना तिच्या खात्यावर जमा झाल्या.