सिकलसेलग्रस्त मुलाचा ताप: तातडीचा प्रसंग

महाराष्ट्रात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार प्रामुख्याने विदर्भात आणि नंदुरबारच्या पट्ट्यात आढळतो; त्यामुळे धाराशिवसारख्या जिल्ह्यात असे मूल तापाने दवाखान्यात आले, तर त्याच्या आजाराची माहिती पालकांनी प्रथम सांगणे आवश्यक ठरते.

या आजारात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रक्तातील जंतू गाळणारी प्लीहा, म्हणजे पाणथरी, लहान वयातच निकामी होऊ लागते. त्यामुळे न्यूमोकोकससारखे जंतू काही तासांत रक्तभर पसरू शकतात. म्हणून ताप १०१ अंश फॅरनहाइटच्या वर गेल्यास केवळ पॅरासिटामॉल देऊन वाट न पाहता मुलाला लगेच रुग्णालयात न्यावे, जिथे रक्ततपासणीचा नमुना घेऊन अहवालाची वाट न पाहता शिरेतून प्रतिजैविक सुरू केले जाते.

तापासोबत खोकला, छातीत दुखणे किंवा धाप लागणे दिसल्यास छातीचा क्ष-किरण काढतात. त्यात फुप्फुसावर नवी छाया आढळली, तर त्या अवस्थेला तीव्र छाती लक्षणसमूह म्हणतात आणि त्यात रक्तातील प्राणवायू झपाट्याने घटू शकतो.

दुसरा धोका प्लीहेत रक्त साचण्याचा असतो. उदाहरणार्थ, नेहमी ८ ग्रॅम हिमोग्लोबिन असणाऱ्या मुलाचे ते काही तासांत ५ वर येते, मूल पांढरे पडते, मलूल होते आणि डाव्या बरगडीखालची गाठ वाढलेली हाताला लागते. प्लीहेचा नेहमीचा आकार आईवडिलांना ठाऊक असेल, तर हा बदल घरीच ओळखता येतो. त्यावर तातडीने, पण बेताने रक्त द्यावे लागते, कारण साचलेले रक्त नंतर पुन्हा अभिसरणात परतते.